बारीक नळीवरील आवरण: एका अपुऱ्या नियमाविषयी

उष्ण वस्तूभोवती मंदवाहक पदार्थाचे आवरण घातले असता तिची उष्णता कमी प्रमाणात बाहेर जाते, हा नियम शाळेत लवकर शिकविला जातो आणि आयुष्यभर लक्षात राहतो. थंडीतील रजई आणि बॉयलरभोवतीचा जाड लेप यांचा अनुभव या नियमाला दुजोराच देतो. त्यामुळे या नियमाला काही अट असेल अशी शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु अट आहे. बारीक नळीवर घातलेले आवरण उष्णतेची गळती कमी करण्याऐवजी वाढवू शकते. हा अपवाद चमत्कारिक वाटला तरी तो भूमितीच्या साध्या कारणाने घडतो, आणि तो केव्हा घडेल हे एका भागाकाराने आधीच सांगता येते. असे असताना नियम अटीविना शिकविणे योग्य नव्हे, हे या पुस्तिकेचे प्रतिपाद्य आहे.

एक उदाहरण

एका लहान कारखान्यात बॉयलरपासून दूरच्या भांड्यापर्यंत वाफ नेणारी तांब्याची एक नळी आहे असे समजू. तिचा बाहेरील व्यास 10 मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या 5 मिलिमीटर आहे. आतील वाफ 100 अंश सेल्सियस तपमानाची असून खोलीतील हवा 30 अंशांची व स्थिर आहे. नळीची भिंत पातळ आणि तांबे उत्तम वाहक, म्हणून नळीचा पृष्ठभागही 100 अंशांवरच आहे असे धरण्यास हरकत नाही.

पृष्ठभागावरून हवेत जाणारी उष्णता तीन गोष्टींवर अवलंबून असते: पृष्ठाचे क्षेत्रफळ, पृष्ठ व हवा यांच्या तपमानांतील फरक, आणि हवा ती उष्णता किती तत्परतेने उचलते हे दर्शविणारा एक गुणांक. या तिसऱ्या राशीस येथे पृष्ठसंक्रमणांक म्हणू. घरातील स्थिर हवेत, चकचकीत तांब्याच्या अशा बारीक नळीसाठी त्याचे मूल्य दर चौरस मीटरला व दर अंशाला सुमारे 10 ते 13 वॅट असते. हिशेब सोपा व्हावा म्हणून ते 10 धरू. एक मीटर लांबीच्या नळीचे पृष्ठफळ 0.0314 चौरस मीटर भरते. त्यास 10 ने व 70 अंशांच्या फरकाने गुणिले असता उष्णतेचा व्यय दर मीटरला 22 वॅट येतो.

आता ही गळती थांबविण्याच्या हेतूने कोणी नळीवर 5 मिलिमीटर जाडीचे रबरी कवच घट्ट चढविले. रबर मंदवाहक आहे; त्याचा वाहकतांक सुमारे 0.16 आहे, तर तांब्याचा 400 च्या आसपास असतो. तेव्हा गळती कमी होईल अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हिशेब सांगतो की, व्यय 22 वॅटवरून सुमारे 31 वॅटवर जातो. कवच पुरेसे जाड नव्हते असे समजून त्याची जाडी 11 मिलिमीटर केली, तर व्यय आणखी वाढून 32.5 वॅट होतो. त्यापुढे जाडी वाढवीत नेल्यास मात्र व्यय हळूहळू उतरू लागतो; 25 मिलिमीटर जाडीला तो सुमारे 30 वॅट असतो. परंतु उघड्या नळीच्या मूळच्या 22 वॅटपर्यंत परत येण्यास रबराची जाडी सुमारे 10 सेंटीमीटर करावी लागते. बोटाएवढ्या नळीभोवती 21 सेंटीमीटर व्यासाचा रबरी ओंडका तयार करावा, प्रत्येक मीटरसाठी सुमारे 35 लिटर रबर खर्ची घालावे, आणि एवढे करून लाभ शून्य, असा हा व्यवहार आहे.

असे का होते

या विचित्र निष्पत्तीचे कारण शोधण्यासाठी नळीतून हवेपर्यंत जाणाऱ्या उष्णतेचा मार्ग पाहावा. आवरण घातलेल्या नळीत उष्णतेला दोन अडथळे ओलांडावे लागतात. पहिला अडथळा आवरणाच्या जाडीचा. त्यातून उष्णता वहनाने जाते; या वहनाचा नियम फूर्ये यांनी 1822 साली प्रसिद्ध केलेल्या उष्णताविषयक ग्रंथात मांडला. दुसरा अडथळा आवरणाचा बाह्य पृष्ठ आणि हवा यांच्या सीमेवरचा. तेथून उष्णता हवेच्या अभिसरणाने आणि प्रारणाने निघून जाते.

सपाट भिंतीवर लेप चढविला तर पहिला अडथळा वाढतो आणि दुसरा जसाच्या तसा राहतो, कारण भिंत जाड झाली तरी तिचा पृष्ठभाग तेवढाच राहतो. म्हणून भिंतीच्या बाबतीत शाळेतील नियम निरपवाद आहे. नळीचे तसे नाही. नळीवर थर चढला की ती लठ्ठ होते, आणि लठ्ठ नळीचा पृष्ठभाग अधिक मोठा असतो. पृष्ठभाग मोठा झाला म्हणजे हवेकडे जाण्याचे दार रुंद झाले. अर्थात दुसरा अडथळा घटला. तेव्हा नळीवरील प्रत्येक नवा थर एका हाताने अडथळा घालतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. शेवटी गळती वाढणार की कमी होणार, हे या देण्याघेण्यातील शिल्लक कोणत्या बाजूस पडते त्यावर ठरते.

वरील उदाहरणात ही शिल्लक अंकांत पाहता येते. अडथळ्याचे माप म्हणून, एक वॅट उष्णता लोटण्यासाठी तपमानात किती अंशांचा फरक हवा, हे घेऊ. उघड्या नळीच्या एका मीटरला हवेच्या सीमेवरचा अडथळा सुमारे 3.2 अंश होता. 5 मिलिमीटरचे रबर चढताच नळीची त्रिज्या 5 वरून 10 मिलिमीटर, म्हणजे दुप्पट झाली. पृष्ठभाग दुप्पट झाला आणि सीमेवरचा अडथळा निम्मा होऊन 1.6 वर आला. मोबदल्यात रबराच्या जाडीने घातलेला नवा अडथळा केवळ 0.7 भरला. जमा 0.7 आणि खर्च 1.6, एकूण अडथळा 3.2 वरून 2.3 वर उतरला. उष्णता अधिक वाहिली यात नवल नाही.

नळी बारीक असण्याला या हिशेबात किती महत्त्व आहे हे यावरून दिसेल. हेच 5 मिलिमीटरचे कवच 10 सेंटीमीटर व्यासाच्या नळावर घातले असते, तर त्याच्या पृष्ठभागात केवळ एक दशांशाची भर पडली असती. बारीक नळीवर मात्र तेवढ्याच जाडीने पृष्ठभाग दुप्पट होतो.

एका भागाकारात उत्तर

जमाखर्चाची बाजू कोठे पालटते, हे काढणे अवघड नाही. समजा, आवरणाची बाह्य त्रिज्या काही एका मापाची आहे आणि तीवर अत्यंत पातळ असा आणखी एक थर द्यावयाचा आहे. त्या थराच्या जाडीने पडणारा अडथळा त्रिज्येच्या व वाहकतांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पृष्ठ वाढल्याने घटणारा अडथळा त्रिज्येच्या वर्गाच्या व पृष्ठसंक्रमणांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या लहान असताना दुसरी राशी मोठी असते, आणि त्रिज्या वाढत गेली की ती पहिलीपेक्षा वेगाने लहान होते. दोन्ही राशी समान होतात ती त्रिज्या पुढीलप्रमाणे येते:

r = k / h

येथे k हा आवरणाच्या पदार्थाचा वाहकतांक, h हा पृष्ठसंक्रमणांक आणि r ही आवरणाची बाह्य त्रिज्या होय. या त्रिज्येस क्रांतिक त्रिज्या म्हणतात. बाह्य त्रिज्या हिच्यापेक्षा कमी असेपर्यंत प्रत्येक नवा थर गळती वाढवितो. त्रिज्या हिच्याइतकी झाली की गळती कमाल होते. त्यापुढचा प्रत्येक थर गळती घटवितो. आपल्या रबरासाठी 0.16 ला 10 ने भागिले असता 0.016 मीटर, म्हणजे 16 मिलिमीटर येतात. 5 मिलिमीटर त्रिज्येची नळी या मर्यादेच्या बरीच आत होती. 11 मिलिमीटरच्या कवचाने ती बरोबर मर्यादेवर, म्हणजे सर्वांत वाईट जागी, नेऊन ठेविली.

या सूत्रात नळीच्या त्रिज्येचा उल्लेख नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. क्रांतिक त्रिज्या नळी ठरवीत नाही. ती आवरणाचा पदार्थ आणि भोवतालची हवा ही दोघे मिळून ठरवितात. नळीचा संबंध नंतर येतो: तिची त्रिज्या या मर्यादेच्या आत आहे की बाहेर, एवढेच तपासावयाचे असते.

हाताची साक्ष

हा दोष व्यवहारात सहज लपून राहतो, कारण तो शोधण्यासाठी माणूस जे साधन प्रथम वापरतो तेच त्याला फसविते. आवरण घातल्यावर कामगार त्यावर हात ठेवून पाहतो. उघडी नळी 100 अंशांची होती. तिला हात लागताच चटका बसे. 5 मिलिमीटरच्या रबरी कवचाचा पृष्ठ सुमारे 79 अंशांवर येतो आणि 11 मिलिमीटरच्या कवचाचा सुमारे 62 अंशांवर. हात सांगतो की पृष्ठ निवले, आणि बुद्धी त्यावरून निष्कर्ष काढते की उष्णता वाचली. पहिले विधान खरे आहे, दुसरे खोटे. पृष्ठ थंड झाले हे खरे; पण ते तिपटीहून अधिक मोठेही झाले, आणि कमी तपमानाच्या मोठ्या पृष्ठाने जास्त तपमानाच्या लहान पृष्ठापेक्षा अधिक उष्णता हवेत टाकली. तपमान आणि उष्णता या भिन्न राशी आहेत, हा धडा इतक्या स्पष्टपणे शिकविणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

खरी परीक्षा उष्णतेचीच करावी लागते, आणि ती वाफेच्या नळीत सोपी आहे. वाफेने उष्णता गमाविली की तिचे पाणी होते. 100 अंशांवरील एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे 2257 जूल उष्णता बाहेर पडते. त्यावरून उघड्या नळीच्या एका मीटरमध्ये ताशी सुमारे 35 ग्रॅम पाणी साचावयास हवे. 5 मिलिमीटर रबराखाली सुमारे 49 ग्रॅम, आणि 11 मिलिमीटर रबराखाली सुमारे 52 ग्रॅम. ही तफावत साध्या तराजूवर कळून येण्याइतकी मोठी आहे.

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल. एक मीटर लांबीची चकचकीत तांब्याची नळी किंचित उतरती धरावी. वरच्या टोकाशी वाफ सोडण्यापूर्वी ती एका लहान भांड्यातून न्यावी, म्हणजे वाटेत झालेले पाणी तेथेच मागे राहील. खालच्या टोकाशी दोन फाटे असावेत: एकातून उरलेली वाफ निसटावी आणि दुसऱ्यातून पाणी खाली ठेविलेल्या भांड्यात ठिबकावे. नळी पुरती तापून ठिबकणे नियमित झाल्यावर अर्धा तास पाणी गोळा करून वजन करावे. मग त्याच नळीवर रबरी कवच चढवून सर्व पुन्हा करावे. कवच नळीला घट्ट बसलेले असावे; मध्ये हवेची फट राहिली तर ती फट स्वतःच एक अडथळा होते आणि प्रयोगाचा निकाल अस्पष्ट होतो. वाफेच्या चटक्यापासून हात जपावेत आणि निसटत्या वाफेचा मार्ग कोठेही बंद होऊ देऊ नये.

नियमाच्या उलट बाजूची चूक

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा अर्थ काढील की आवरणे निरुपयोगी आहेत, तर ती पहिलीपेक्षा मोठी चूक ठरेल. म्हणूनच क्रांतिक त्रिज्या हा शब्द ऐकविताना तिच्या मर्यादाही त्याच दमात सांगितल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा पदार्थाची. त्याच 10 मिलिमीटर व्यासाच्या नळीवर रबराऐवजी काचलोकर गुंडाळली, तर तिचा वाहकतांक सुमारे 0.04 असल्याने क्रांतिक त्रिज्या 4 मिलिमीटर येते. नळीची त्रिज्या 5 मिलिमीटर, म्हणजे मर्यादेच्या आधीच बाहेर. येथे पहिल्या थरापासूनच लाभ होतो: 5 मिलिमीटर काचलोकरीने व्यय 22 वरून सुमारे 16 वॅटवर येतो आणि 25 मिलिमीटरने सुमारे 9 वॅटवर. नळी तीच, जाडी तीच, फरक केवळ पदार्थाचा. पण एकाने गळती वाढविली आणि दुसऱ्याने घटविली.

दुसरी मर्यादा नळाच्या आकाराची. कारखान्यातील वाफेचा मुख्य नळ 10 सेंटीमीटर व्यासाचा असेल तर त्याची त्रिज्या 50 मिलिमीटर, म्हणजे रबराच्या 16 मिलिमीटरच्या मर्यादेपलीकडे दूर. असा उघडा नळ दर मीटरला सुमारे 220 वॅट गमावील. 25 मिलिमीटर रबराने देखील ते सुमारे 114 वॅटवर येतील आणि काचलोकरीने त्याहून पुष्कळ खाली. असा नळ क्रांतिक त्रिज्येचे निमित्त सांगून उघडा ठेवणे म्हणजे इंधन जाळून खोली तापविणे होय.

तिसरी मर्यादा हवेची. नळी घराबाहेर वाऱ्यात असेल तर पृष्ठसंक्रमणांक 10 न राहता 50 च्या आसपास जाऊ शकतो. मग रबराचीही क्रांतिक त्रिज्या 3.2 मिलिमीटरवर उतरते. अशा ठिकाणी आपली नळी उघडी असता सुमारे 110 वॅट गमावील आणि 5 मिलिमीटरच्या त्याच रबराने ती गळती सुमारे 69 वॅटवर येईल. जे कवच बंद खोलीत नुकसान करीत होते तेच वाऱ्यात लाभ देते.

चौथी गोष्ट पृष्ठाच्या रंगरूपाची. चकचकीत तांबे प्रारणाने फार थोडी उष्णता टाकते. रबर किंवा लेप यांचे मंद पृष्ठ ती मुक्तहस्ते टाकते. म्हणून चकचकीत नळीवर आवरण चढविण्यात प्रारणाचे दारही उघडले जाते. उलट नळी आधीच काळवंडलेली किंवा काळी रंगविलेली असेल, तर उघड्या स्थितीतच तिचा व्यय मोठा असतो, आणि कवचाने होणारी वाढ नगण्य ठरते अथवा मुळीच होत नाही. शिवाय पृष्ठसंक्रमणांक स्वतःच नळीच्या जाडीनुसार बदलतो. स्थिर हवेत बारीक नळीला तो अधिक असतो आणि आवरण वाढत जाईल तसा उतरतो. या कारणाने खरी क्रांतिक त्रिज्या सूत्राने येणाऱ्या आकड्यापेक्षा काहीशी कमी असते. वरील सूत्र धोक्याची जागा दाखविते. ती जागा मिलिमीटरपर्यंत नेमकी सांगण्याचा त्याचा दावा नाही.

विजेची तार: जेथे हाच दोष गुण ठरतो

विजेच्या तारेवरील रबर किंवा प्लॅस्टिक हे मुख्यतः विद्युत्‌रोधक म्हणून असते. तारेची उष्णता अडविण्याची इच्छा तेथे कोणाचीच नसते. उलट प्रवाहाने तापणारी तार शक्य तितकी थंड राहावी अशीच अपेक्षा असते. तारेची त्रिज्या मिलिमीटरच्या आसपास आणि प्लॅस्टिकची क्रांतिक त्रिज्या तिच्या कित्येक पट, तेव्हा हे आवरण तारेला उब देण्याऐवजी हवेत अधिक मोठा पृष्ठ उघडून देते. 0.9 मिलिमीटर त्रिज्येच्या तांब्याच्या तारेत दर मीटरला 2.8 वॅट उष्णता निर्माण होत असेल आणि पृष्ठसंक्रमणांक 10 धरला, तर उघडी तार हवेपेक्षा सुमारे 50 अंशांनी तापेल, आणि 0.8 मिलिमीटर जाडीच्या आवरणाखालील तार सुमारे 28 अंशांनी. इतक्या बारीक तारेसाठी तो गुणांक प्रत्यक्षात अधिक असतो, म्हणून दोन्ही आकडे लहान होतील. पण आवरण असलेली तार अधिक थंड राहील ही दिशा कायम राहते. मात्र हा लाभ तारेभोवती मोकळी हवा असेपर्यंतच मिळतो. अनेक तारा एका अरुंद नळकांड्यात कोंबल्या की हवेकडे जाणारे दारच बंद होते आणि हा हिशेब लागू पडत नाही.

आक्षेप आणि उत्तर

अनुभवी अभियंते येथे एक रास्त आक्षेप घेतील. आजची उष्णतारोधक द्रव्ये, म्हणजे काचलोकर, खनिजलोकर, फेसाळ प्लॅस्टिके, ही इतकी मंदवाहक आहेत की त्यांची क्रांतिक त्रिज्या स्थिर हवेतही तीन-चार मिलिमीटरच असते, आणि कारखान्यांतील बहुतेक नळ त्याहून मोठे असतात. मग ज्याची गाठ क्वचित पडते त्या अपवादाने विद्यार्थ्यांना गोंधळात का टाकावे?

आक्षेपातील वस्तुस्थिती बरोबर आहे, निष्कर्ष नाही. कारण चुका उत्तम द्रव्याने आवरलेल्या मोठ्या नळावर होत नसून, हाताशी असेल ते द्रव्य बारीक नळीवर गुंडाळण्यात होतात. मुख्य नळाला काचलोकर मिळते. त्यापासून फुटलेल्या बोटाएवढ्या शाखेला मातीचा लेप, जुन्या रबरी नळीचा तुकडा किंवा चिंध्यांचा वेढा मिळतो. मातीच्या किंवा प्लॅस्टरच्या लेपाचा वाहकतांक रबराहूनही अधिक असतो. पूर्वी यासाठी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी सर्रास वापरीत. तिची धूळ फुप्फुसांचे भयंकर रोग निर्माण करते हे सिद्ध झाले असल्याने ती आज कोणीही वापरू नये, आणि बारीक नळीवर उष्णतारोधक म्हणूनही तिची योग्यता संशयास्पदच होती.

याहून महत्त्वाचे कारण ओलाव्याचे आहे. काचलोकर मंदवाहक असते ती तिच्यातील अडकलेल्या हवेमुळे. ती हवा हाकलून तेथे पाणी शिरले, की तिचा गुण नाहीसा होतो. पाण्याचा वाहकतांक सुमारे 0.6, म्हणजे कोरड्या काचलोकरीच्या पंधरापट आहे. सांध्यातून सतत पाणी झिरपत असेल किंवा पावसाचे पाणी पुन्हा पुन्हा आत येत असेल आणि आवरणाचा वाहकतांक समजा 0.2 वर गेला, तर त्याची क्रांतिक त्रिज्या 4 वरून 20 मिलिमीटर होते. कोरडे असता जे 5 मिलिमीटरचे आवरण व्यय 22 वरून 16 वर आणीत होते, तेच ओले झाल्यावर सुमारे 33 वर नेते. बाष्पीभवनात जाणारी उष्णता याहून वेगळी. ज्या कारखान्यात आवरण घातल्यावर वाफेचे पाणी वाढले असे आढळेल, तेथे प्रथम आवरण दाबून ओल पाहावी.

राहिला विद्यार्थ्यांच्या गोंधळाचा प्रश्न. नियम अटीसह शिकविल्याने गोंधळ होत नाही. तो अटीविना शिकवून पुढे अपवाद समोर आला की होतो. आवरण अडथळा घालते आणि पृष्ठभाग वाढविते, ही दोन वाक्ये पहिल्याच दिवशी एकत्र सांगितली, तर भिंत, मोठा नळ, बारीक नळी आणि विजेची तार या सर्वांचा उलगडा त्यांतूनच होतो. वेगळा अपवाद म्हणून काही पाठ करावे लागत नाही.

यासाठी शाळांच्या पाठ्यपुस्तकांत उष्णतावहनाच्या धड्याशेवटी बारीक नळीचे एक उदाहरण अंकांसह असावे, आणि आवरणे खरेदी करणाऱ्यांनी जाडी विचारण्यापूर्वी द्रव्याचा वाहकतांक विचारावा. तो वाहकतांक मीटर-मानाचा असल्याने स्थिर हवेसाठी त्यास 10 ने भागून आलेले उत्तर मीटरमध्ये मिळेल; ते नळीच्या त्रिज्येशी ताडून पाहावे. उत्तर त्रिज्येपेक्षा लहान असेल तर निःशंकपणे आवरण घालावे. मोठे असेल तर अधिक चांगले द्रव्य शोधावे, आणि ते मिळत नसेल तर चकचकीत नळी उघडीच ठेवावी. चटक्याचे भय असल्यास तिच्याभोवती अंतर राखून जाळी बसवावी. अशा नळीवर हलके कवच चढविण्यापेक्षा काहीच न करणे हे इंधनाच्या दृष्टीने अधिक स्वस्त पडते.